दोन घड्या, सहा पॅनेल: माहितीपत्रक छपाईला देण्यापूर्वी काय तपासावे

प्रश्न: आमच्या फिजिओथेरपी केंद्रासाठी ए-४ कागदावर तीन भागांचे माहितीपत्रक करून घेतले आहे. डिझायनरने दोन पानांची पीडीएफ पाठवली आहे. पहिल्या पानावर डावीकडे ‘आमच्या सेवा’, मध्ये पत्ता व नकाशा आणि उजवीकडे मुखपृष्ठ आहे. दुसऱ्या पानावर ‘गुडघेदुखी शस्त्रक्रियेविना आटोक्यात ठेवता येते’ हा मोठा मथळा तिन्ही भागांवरून जातो. पहिला शब्द डाव्या भागात आहे, दुसरा मधल्या भागात, पण त्यातला ‘ना’ उजव्या भागात गेला आहे. तिन्ही भाग ९९ मिलीमीटरचे आहेत. मुखपृष्ठ उजवीकडे असणे चूक नाही ना? आणि मंजुरी देण्यापूर्वी आणखी काय पाहावे?

उत्तर:

मुखपृष्ठ उजवीकडे असणे चूक नाही, उलट तेच बरोबर आहे. चुका दुसरीकडे आहेत आणि त्या पडद्यावर पीडीएफ पाहताना सहसा सापडत नाहीत, कारण पीडीएफ आपल्याला दोन सपाट पाने दाखवते, आणि वाचणाऱ्याच्या हातात तशी सपाट पाने कधीच नसतात. त्याच्या हातात आधी बंद माहितीपत्रक येते, मग अर्धे उघडलेले आणि शेवटी पूर्ण उघडलेले. म्हणून मी पान न तपासता प्रत्येक अवस्था तपासतो, आणि आपणही तसेच करावे.

त्यासाठी आधी डमी करावी लागते. पीडीएफ साध्या कागदावर, प्रिंटच्या खिडकीत `Actual size` निवडून, दोन्ही बाजूंनी छापून घ्यावी. पान आडवे असल्यामुळे दुहेरी छपाईसाठी `Flip on short edge` हा पर्याय लागतो. `Flip on long edge` निवडल्यास आतली बाजू उलटी छापली जाते आणि मग डिझायनरवर विनाकारण खापर फुटते. दुहेरी छपाईची सोय नसेल तर दोन पाने वेगवेगळी छापून, वरच्या कडा जुळवून पाठीला पाठ चिकटवली तरी चालते. ‘आपल्याला डोळ्यांसमोर दिसते आहे’ असे म्हणून डमी टाळणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत. मनातल्या मनात कागद उलटताना डावे-उजवे हमखास चुकते.

आता डमीची घडी घालावी. पहिले पान समोर ठेवले की डावीकडचे ‘आमच्या सेवा’ हे पॅनेल आधी आत दुमडायचे आणि मग उजवीकडचे मुखपृष्ठ घेऊन त्याच्यावर घडी घालायची. एक पॅनेल दुसऱ्याच्या पोटात जाते अशी ही घडी आहे. अशा घडीत मुखपृष्ठाची बंद कड त्याच्या डावीकडे येते आणि माहितीपत्रक मराठी पुस्तकासारखे उजवीकडून डावीकडे उघडते. मुखपृष्ठ पहिल्या पानाच्या डावीकडे ठेवले असते तर बंद कड उजवीकडे आली असती आणि ते उर्दू पुस्तकासारखे उघडले असते. आपल्या पीडीएफमधला बाहेरचा क्रम, म्हणजे डावीकडून फ्लॅप, मलपृष्ठ आणि मुखपृष्ठ, या घडीसाठी योग्य आहे.

मात्र छापखान्याला दिलेल्या कामाच्या कागदावर घडीचा प्रकार स्पष्ट लिहिला आहे का, हे पाहून घ्यावे. नुसते ‘ट्रायफोल्ड’ लिहिले असेल तर घडी घालणारा माणूस नागमोडी घडी, म्हणजे पंख्यासारखी एक आत एक बाहेर अशी घडी घालू शकतो. तिच्यात मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ कागदाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना असावे लागतात. आपली फाइल तशी घडी घालून पाहिली तर आतल्या बाजूचे उजवे पॅनेल मलपृष्ठ होऊन बसते आणि पत्ता व नकाशा घडीच्या आत दडतो. डमीवर दोन्ही घड्या घालून पाहाव्यात, म्हणजे फरक लगेच कळेल. छापखान्याला पीडीएफबरोबर घडी घातलेली डमीच पाठवावी, आणि तिच्या प्रत्येक पॅनेलवर पेनाने ‘मुखपृष्ठ’, ‘मलपृष्ठ’, ‘फ्लॅप’ असे लिहावे. शब्दांपेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा असतो.

पुढचा मुद्दा आपल्या फाइलमधल्या खऱ्या दोषाचा आहे. तिन्ही पॅनेल ९९ मिलीमीटरचे असणे नागमोडी घडीत योग्य असते, पण आत दुमडणाऱ्या घडीत ते चालत नाही. आत जाणारे पॅनेल बाकीच्या दोघांइतकेच रुंद असेल तर त्याची मोकळी कड मुखपृष्ठाच्या घडीला जाऊन टेकते, कागद फुगतो आणि माहितीपत्रक सपाट बसत नाही. म्हणून ए-४ कागदाचे २९७ मिलीमीटर सहसा १००, १०० आणि ९७ असे वाटले जातात आणि ९७ हे माप फ्लॅपला दिले जाते. बाहेरच्या बाजूला फ्लॅप डावीकडे असल्यामुळे घड्या डाव्या कडेपासून ९७ आणि १९७ मिलीमीटरवर येतात. आतल्या बाजूला तोच फ्लॅप उजवीकडे येतो, त्यामुळे तेथे घड्या १०० आणि २०० मिलीमीटरवर असतात. दोन्ही पानांवरच्या रेषा एकाच ठिकाणी ठेवणे ही नवशिक्या डिझायनरची सर्वांत नेहमीची चूक असते. आपल्या फाइलमध्ये पॅनेल सारखे असल्याने ती चूक अगदी झाकली गेली आहे.

फाइल अशीच छापायला गेली तर काय होईल? घडी घालणारा कारागीर अनुभवी असेल तर तो यंत्र ९७-१००-१०० वरच लावील, कारण त्याला कागद सपाट बसवायचा आहे. मग आपला मजकूर आणि घडी यांचा मेळ तुटेल. बाहेरच्या बाजूला मलपृष्ठाच्या डाव्या कडेवर फ्लॅपच्या रंगाची २ मिलीमीटरची पट्टी दिसेल, आणि मुखपृष्ठाच्या डाव्या कडेवर मलपृष्ठाच्या रंगाची १ मिलीमीटरची पट्टी येईल. आतल्या बाजूला डाव्या पॅनेलच्या उजव्या कडेला मधल्या पॅनेलचा १ मिलीमीटर आणि मधल्या पॅनेलच्या उजव्या कडेला उजव्या पॅनेलचा २ मिलीमीटर येईल. ऐकायला हे फार थोडे वाटते, पण मुखपृष्ठ गडद निळे आणि मलपृष्ठ पांढरे असेल तर निळ्याच्या बाजूची ती केसभर पांढरी रेघ सर्वांत आधी नजरेत भरते.

फाइल दुरुस्त केल्यानंतरही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घडी यंत्रातून निघताना एखादा मिलीमीटर इकडेतिकडे सरकणारच. हजारो प्रतींत प्रत्येक घडी रेषेवर बसत नाही. म्हणून मी रंगाची हद्द आणि घडी एकाच रेषेवर येऊ देत नाही. दोन शेजारच्या पॅनेलना एकच पार्श्वरंग द्यावा किंवा रंग घडीपासून बराच अलीकडे थांबवावा. घडीवरच रंग बदलायचा हट्ट असेल तर थोडी सरकण दिसणार हे मान्य करूनच मंजुरी द्यावी.

आता घडी उलगडून अवस्था पाहू. बंद अवस्थेत पुढे मुखपृष्ठ आणि मागे पत्ता व नकाशा दिसतो. येथे आपले काम ठीक आहे. एवढेच पाहावे की रिसेप्शनच्या स्टँडमध्ये ठेवल्यावर मुखपृष्ठाचा वरचा भागच डोकावतो, म्हणून केंद्राचे नाव त्या वरच्या भागात असावे.

मुखपृष्ठ उघडले की समोर काय येते? डावीकडे मुखपृष्ठाची आतली बाजू, म्हणजे दुसऱ्या पानाचे डावे पॅनेल, आणि उजवीकडे फ्लॅप, म्हणजे पहिल्या पानाचे डावे पॅनेल. पीडीएफमध्ये हे दोन भाग वेगवेगळ्या पानांवर आहेत, त्यामुळे ते एकमेकांशेजारी कसे दिसतात हे डिझायनरच्याही सहज लक्षात येत नाही. वाचणाऱ्याला मात्र तेच पहिल्यांदा दिसतात, आणि बहुतेक वेळा पुढे उलगडायचे की ठेवून द्यायचे हे तो याच ठिकाणी ठरवतो. आपल्या डमीवर हे उघडून मोठ्याने वाचा. डावीकडे मोठ्या अक्षरात ‘गुडघेदुखी’ आणि शेजारी फ्लॅपवर ‘आमच्या सेवा’. एका दमात वाचले तर आपले केंद्र गुडघेदुखी पुरवते असा अर्थ निघतो. दोन्ही मजकूर आपापल्या जागी निर्दोष आहेत. दोष त्यांच्या शेजारपणात आहे. असे प्रसंग मी अनेकदा पाहिले आहेत आणि पीडीएफ कितीही वेळा वाचली तरी ते सापडत नाहीत.

याच अवस्थेत आणखी एक बारीक गोष्ट दिसते. फ्लॅप ९७ मिलीमीटरचा आणि मधले पॅनेल १०० मिलीमीटरचे, म्हणून फ्लॅप मिटलेला असताना त्याच्या मोकळ्या कडेच्या डावीकडे मधल्या पॅनेलची सुमारे ३ मिलीमीटरची पट्टी उघडी राहते. मधल्या पॅनेलचा पार्श्वरंग फ्लॅपपेक्षा किंवा डाव्या पॅनेलपेक्षा वेगळा असेल तर ही पट्टी भलत्याच रंगाच्या रेघेसारखी दिसते. मधल्या पॅनेलची डावी कड डाव्या पॅनेलच्याच रंगाची ठेवली की ती डोळ्यांत भरत नाही.

फ्लॅपवर काय ठेवावे, याबद्दल माझे मत जरा ठाम आहे. फ्लॅप मुखपृष्ठ उघडल्यावर दिसतो आणि पूर्ण उलगडल्यावर नाहीसा होतो. वाचणारा व्यायामाची चित्रे पाहत असतो तेव्हा फ्लॅप त्या कागदाच्या पाठीमागे असतो. म्हणून ज्याकडे पुन्हा पुन्हा पाहायचे आहे असे काही, उदाहरणार्थ कोणता व्यायाम किती वेळा करायचा याचे कोष्टक, फ्लॅपवर ठेवू नये. तेथे शेजारच्या डाव्या पॅनेलबरोबर अर्थ लागेल असा आणि स्वतःपुरता पूर्ण असा मजकूर असावा. फ्लॅपवरचा मजकूर ‘पुढे पाहा’ म्हणून त्याच्याच मागच्या पॅनेलवर नेऊ नये, कारण उलगडल्यावर वाचणाऱ्याची नजर आधी डाव्या आणि मधल्या पॅनेलवरून जाते आणि दुवा तेथेच तुटतो. तोडून द्यायची चिठ्ठी फ्लॅपवर ठेवायची असेल तर तिच्या मागे, म्हणजे आतल्या उजव्या पॅनेलवर, काय छापले आहे हेही पाहावे; चिठ्ठी कापली की त्यामागचा व्यायामही कापला जातो. आपल्या सेवांची यादी फ्लॅपवर राहायला हरकत नाही, शीर्षक मात्र बदलावे लागेल, किंवा त्याच्या शेजारचा मजकूर बदलावा लागेल.

येथून मथळ्याकडे येऊ. घडीवरून मजकूर जाण्याला मी सरसकट विरोध करत नाही. परिच्छेदाच्या ओळी मात्र कधीही घडी ओलांडू नयेत. ओळ दोन पातळ्यांवर वाचताना नजर चुकते आणि पुढची ओळ सापडत नाही. मोठा मथळा ओलांडू शकतो, पण घडी शब्दांच्या मधल्या जागेत पडली पाहिजे. देवनागरीत हा नियम अधिक कडक आहे. इंग्रजी शब्दात अक्षराअक्षरांमध्ये जागा असते, त्यामुळे घडी दोन अक्षरांच्या फटीत पडली तरी शब्द कसाबसा सांभाळला जातो. आपल्या शब्दावर शिरोरेषा सलग असते, त्यामुळे शब्दाच्या आत फट अशी नसतेच. घडी जेथे पडेल तेथे ती शिरोरेषा मोडते, आणि ती एक सरळ आडवी रेषा असल्यामुळे घडी जरा तिरपी पडली तरी मोड लगेच दिसते.

आपला ‘शस्त्रक्रियेविना’ हा शब्द घडीवर तुटून ‘ना’ उजव्या पॅनेलवर गेला आहे. येथे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. माहितीपत्रक पूर्ण सपाट करून कोणी वाचत नाही, उजवे पॅनेल थोडे वर उचललेले असते आणि नजर त्या पॅनेलवर स्वतंत्रपणे पडते. तेथे लिहिलेले आहे: ‘ना आटोक्यात ठेवता येते’. मराठीत ‘ना’ हा नकारही होतो, म्हणजे आपण सांगू इच्छिता त्याच्या उलट अर्थाचा इशारा पॅनेलवर जातो. प्रत्येक घडीपलीकडे उरलेला तुकडा स्वतंत्रपणे वाचून पाहण्याची सवय याचसाठी लावून घ्यावी. ‘अ’, ‘न’, ‘ना’ आणि ‘विना’ असे तुकडे सुटे पडले की अर्थ उलटतो. ‘अशक्त’मधला ‘अ’ घडीपलीकडे राहिला की उरते ‘शक्त’.

दुरुस्ती कशी करावी? मी हा मथळा तिन्ही पॅनेलवरून काढून टाकीन. डावे पॅनेल फ्लॅपच्या शेजारी दिसते, म्हणून त्याला स्वतंत्र मथळा देईन, उदाहरणार्थ ‘गुडघा का दुखतो?’, आणि फ्लॅपवर ‘आमच्या सेवा’ऐवजी ‘आम्ही काय करतो’ असा उत्तरासारखा मथळा ठेवीन. आता मुखपृष्ठ उघडल्यावर प्रश्न आणि उत्तर शेजारी येतात. मोठा मथळा फ्लॅप उलगडल्यावरच दिसावा, म्हणून तो मधल्या आणि उजव्या पॅनेलवर, म्हणजे १०० पासून २९७ मिलीमीटरपर्यंतच्या जागेत बसवीन. घडी २०० वर आहे. ‘गुडघेदुखी शस्त्रक्रियेविना’ मधल्या पॅनेलवर दोन ओळींत आणि ‘आटोक्यात ठेवता येते’ उजव्या पॅनेलवर, असे केले की घडी दोन शब्दांच्या मध्ये पडते. घडीच्या दोन्ही बाजूंना किमान ५ मिलीमीटर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे घडी सरकली तरी अक्षराला झळ लागणार नाही.

एक अडचण मात्र राहते. दोन शब्दांमध्ये १० मिलीमीटर अंतर सोडल्यावर उलगडलेल्या कागदावर तेथे भगदाड दिसू शकते, कारण इतर शब्दांमधले अंतर कमी असते. मोठ्या अक्षरांत ते खपून जाते, बारीक अक्षरांत खटकते. माझ्या मते आपल्या मथळ्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग तो मधल्या पॅनेलवरच तीन ओळींत बसवण्याचा आहे. मथळा थोडा छोटा होतो, पण डिझायनरला रुंद मथळ्याची ओढ असते तेवढी वाचणाऱ्याला नसते.

चित्रांना घडीवरून जाण्याची मोकळीक जास्त असते, पण चेहरा, अंक आणि ज्यावर लक्ष वेधायचे तो भाग घडीपासून दूर ठेवावा. आपल्या बाबतीत तो भाग गुडघाच आहे, आणि गुडघ्याच्या चित्रावर घडीची रेघ उमटली तर वाचणाऱ्याला तो दोष कागदाचा वाटणार नाही. घडीवर दूरध्वनी क्रमांक कधीही टाकू नये. कोष्टक असेल तर त्याच्या दोन स्तंभांमधली रेषा घडीवर येऊ द्यावी, स्तंभाचा मजकूर नाही.

शेवटी कागदाची चौकशी करावी. १३० जीएसएमच्या आर्ट पेपरवर घडी सहसा सरळ बसते. १७० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद असेल तर आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडणे, करून घ्यावे, नाहीतर घडीवर शाई तडकून पांढरे कागदाचे तंतू दिसतात. घडीवरून गडद रंग किंवा जाड अक्षरे जात असतील तेव्हा ही तडक सर्वांत ठळक दिसते, आणि डिजिटल छपाईतील टोनरमध्ये अधिक. कागदाच्या धाग्याची दिशा घडीला समांतर असावी, असेही छापखान्याला सांगावे. आडव्या दिशेने घडी घातली की ती दातेरी होते. घडी घातलेला नमुना छापखान्याकडून मागवून तो मंजूर झाल्यावरच पुढची छपाई सुरू करण्यास सांगावे. नमुना हातात आल्यावर मुखपृष्ठाची डावी कड, फ्लॅपच्या मोकळ्या कडेच्या डावीकडची ३ मिलीमीटरची पट्टी आणि मोठा मथळा ज्या घडीजवळ थांबतो ती जागा, या तीन ठिकाणी आधी पाहावे.